आठ ओहम, पण किती कमी-जास्त? प्रयोगशाळेच्या वहीतल्या नोंदी

१ डिसेंबर, सोमवार

बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेआधी ओहमच्या नियमाचे सगळे संच तपासून प्रत्येक संचासोबत एक कागद लावायचा आहे. त्या कागदावर दोन गोष्टी हव्यात: कॉइलचा रोध, आणि आपल्याच मीटरांनी तो मोजला तर किती टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो. मागच्या वर्षीच्या जर्नल चाळल्या. एकाच कॉइलचा रोध कुणी ८ लिहिलाय, कुणी ८.२३५, तर एका मुलीने कॅल्क्युलेटरवरचे सगळे अंक उतरवून घेतलेत. पुढे ± एकाच्याही वहीत नाही. तपासणाऱ्यांनी तिघांनाही सारखेच गुण दिलेत.

सुरुवात पहिल्या संचापासून. नायक्रोमची कॉइल, ० ते ३ व्होल्टचा व्होल्टमीटर, ० ते ५०० मिलीअ‍ॅम्पिअरचा अ‍ॅमीटर, ऱ्हिओस्टॅट, प्लग की आणि बॅटरी एलिमिनेटर. व्होल्टमीटरच्या स्केलवर ३० भाग आहेत, म्हणजे लीस्ट काउंट ०.१ व्होल्ट. अ‍ॅमीटरवर ५० भाग, म्हणजे १० मिलीअ‍ॅम्पिअर किंवा ०.०१ अ‍ॅम्पिअर.

मामांनी मीटरांच्या काचा पुसून दिल्या आणि एका व्होल्टमीटरचा काटा शून्याच्या अर्धा भाग वर थांबतो हे दाखवलं. खालचा स्क्रू किंचित फिरवून तो शून्यावर आणला. अशी चूक ± मध्ये घालायची नसते. ती ठाऊक असते, तिची दिशाही ठाऊक असते, तेव्हा एकतर दुरुस्त करायची नाहीतर वाचनातून वजा करायची.

३ डिसेंबर, बुधवार

बारावीतली दोन मुलं मदतीला घेतली. जोडणी नेहमीची: अ‍ॅमीटर एकसरीत, व्होल्टमीटर थेट कॉइलच्या दोन टोकांना. ऱ्हिओस्टॅट सरकवून करंट ०.३० अ‍ॅम्पिअरवर आणला, व्होल्टमीटर २.४ वर आला. २.४ ÷ ०.३० = ८.० ओहम.

आता त्रुटी. बोर्डाच्या पद्धतीने लीस्ट काउंट हीच त्रुटी धरली तर व्होल्टमीटरची ०.१ भागिले २.४, म्हणजे ४.२ टक्के. अ‍ॅमीटरची ०.०१ भागिले ०.३०, म्हणजे ३.३ टक्के. इथवर दोघांचंही बरोबर आलं. पुढे एकाने या दोन संख्यांची वजाबाकी करून ०.९ टक्के लिहिलं. विचारलं तर म्हणाला, "मॅडम, सूत्रात भागाकार आहे ना, मग टक्के वजा होणार." असं दरवर्षी कुणीतरी लिहितंच, आणि घातांकांचा नियम डोक्यात असला की ते सुचणंही साहजिक आहे. त्याला सूत्र सांगितलं नाही. म्हटलं, "तूच बघ, रोध जास्तीत जास्त किती निघू शकतो?"

व्होल्टेज खरं तर २.५ असेल आणि करंट ०.२९ असेल, तर रोध सर्वांत मोठा येईल. २.५ ÷ ०.२९ = ८.६२. उलट व्होल्टेज २.३ आणि करंट ०.३१ असेल, तर सर्वांत लहान: २.३ ÷ ०.३१ = ७.४२. म्हणजे ८.० पासून वर ०.६२ आणि खाली ०.५८. आता ४.२ आणि ३.३ ची बेरीज ७.५ टक्के, आणि आठाचे साडेसात टक्के म्हणजे बरोबर ०.६. दोन्ही टोकांच्या मधोमध.

वजाबाकी का नाही, हे त्या दोन भागाकारांतच दिसतं. छेद लहान झाला की भागाकार वाढतो, म्हणून करंट कमी वाचला जाणं आणि व्होल्टेज जास्त वाचलं जाणं, दोन्ही रोधाला एकाच बाजूला ढकलतात. दोन्ही मीटर एकाच दिशेने, एकाच टक्क्याने चुकतील अशी हमी असती तर वजाबाकी चालली असती. दोन वेगळ्या मीटरांकडून ती हमी कोण देणार? म्हणून वाईटात वाईट धरायचं आणि बेरीज करायची:

ΔR/R = ΔV/V + ΔI/I

उत्तर ८.० ± ०.६ ओहम. ज्याच्या त्रुटीचा पहिलाच अंक दशांश चिन्हानंतरच्या पहिल्या घरात आहे, त्या उत्तरात ८.२३५ मधल्या ३ आणि ५ ला काही अर्थ नाही, हे मुलांना आता सांगावं लागलं नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

कालपासून डोक्यात होतं ते आज करून बघितलं. तीच कॉइल, तेच मीटर, फक्त ऱ्हिओस्टॅट मागे सरकवला. करंट ०.१० अ‍ॅम्पिअर, व्होल्टेज ०.८. रोध पुन्हा ८.०. मुलगी म्हणाली, "मॅडम, बरोबर आलं, सेमच आहे."

आकडा सेम आहे, पण आता त्रुटी मांडा. ०.१ ÷ ०.८ म्हणजे साडेबारा टक्के. ०.०१ ÷ ०.१० म्हणजे १० टक्के. बेरीज साडेबावीस. उत्तर ८.० ± १.८ ओहम. काट्याने वाचलेला भाग तेवढाच, पण ज्याच्यातून तो वाचला ते माप एक तृतीयांश झालं, म्हणून टक्का तिप्पट झाला. मधल्या वाचनालाही (१.६ व्होल्ट, ०.२० अ‍ॅम्पिअर) सव्वाअकरा टक्के येतात. काटा अर्ध्यावर उतरला की टक्का दुप्पट होतो, इतकं सरळ आहे.

टोकं काढून बघितली तर आणखी एक गोष्ट दिसते. ०.९ ÷ ०.०९ = १०.० आणि ०.७ ÷ ०.११ = ६.३६. म्हणजे वर २.०, खाली १.६४. बुधवारी दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या होत्या, इथे नाहीत. टक्के मिळवण्याचं सूत्र हे लहान त्रुटींसाठीचं जवळपासचं गणित आहे, आणि वीस टक्क्यांच्या पुढे ते लंगडायला लागतं. एखाद्या मुलाचं उत्तर २५ टक्के आलं तर त्याने सूत्राच्या भरवशावर न राहता दोन टोकंच काढून लिहावीत, असं माझं मत आहे.

जर्नलमध्ये मुलं पाच वाचनं घेतात, पाच रोध काढतात आणि सरळ सरासरी काढतात. त्यात साडेबावीस टक्क्यांचं वाचन आणि साडेसात टक्क्यांचं वाचन यांना सारखाच मान मिळतो. खालची दोन वाचनं आलेख सरळ रेषेत येतो का हे बघायला ठेवावीत. रोधाचा आकडा मात्र वरच्या वाचनांवरूनच द्यावा.

मग प्रश्न आला की याच मीटरांनी ३ व्होल्टपर्यंत नेलं तर किती खाली येईल. २.८ व्होल्टला करंट ०.३५ होतो आणि बेरीज ६.४ टक्के. त्यापुढे व्होल्टमीटर संपतो, पण अ‍ॅमीटरचा काटा अजून स्केलच्या सत्तर टक्क्यांवरच असतो. दोन्ही काटे एकदम टोकाला पोहोचायचे असतील तर रोध ३ ÷ ०.५ = ६ ओहम हवा. तेव्हा त्रुटी ३.३ अधिक २, म्हणजे ५.३ टक्के. या दोन मीटरांच्या जोडीचा हा तळ. हात कितीही स्थिर असो, लीस्ट काउंटच्या हिशोबाने याच्या खाली जाता येत नाही.

उलट दुसऱ्या संचात २ ओहमची कॉइल आहे. तिथे अ‍ॅमीटर ०.५० वर पोहोचतो तेव्हा व्होल्टमीटर जेमतेम १.० वर असतो: १० अधिक २, बारा टक्के. तिसऱ्या संचात ३० ओहम, तिथे ३ व्होल्टला करंट फक्त ०.१०: ३.३ अधिक १०. म्हणजे या संचांमध्ये मीटर वाईट नाहीत, मीटर आणि कॉइल यांची जोडी जुळलेली नाही. हे संच ज्यांनी कधीकाळी लावले त्यांनी जे हाताला लागलं ते एका पाटावर ठोकलं असणार.

९ डिसेंबर, मंगळवार

आमचा एक जुना विद्यार्थी अंबडच्या एमआयडीसीत मीटर कॅलिब्रेशनचं काम करतो. सुट्टीच्या दिवशी कामासाठी कॉलेज रोडवर आला होता, तो प्रयोगशाळेत डोकावला. आमचा कागद बघून म्हणाला, "मॅडम, तुम्ही लीस्ट काउंट धरलंय, पण डायलवर २.५ लिहिलंय ते वाचलंत का?"

डायलच्या खालच्या कोपऱ्यात, मूव्हिंग कॉइलच्या नालेच्या खुणेशेजारी, बारीक २.५ छापलेलं असतं. हा मीटरचा अचूकतेचा वर्ग. अर्थ असा की बनवणारा पूर्ण स्केलच्या अडीच टक्क्यांपर्यंत चूक मान्य करतो, आणि ती स्केलवर कुठेही असू शकते. वाचनाचे अडीच टक्के नव्हेत, पूर्ण स्केलचे. ३ व्होल्टच्या मीटरला ती ०.०७५ व्होल्ट होते. ५०० च्या अ‍ॅमीटरला साडेबारा मिलीअ‍ॅम्पिअर.

इथे गंमत आहे. अ‍ॅमीटरचं लीस्ट काउंट १० मिलीअ‍ॅम्पिअर, पण कारखानाच साडेबारा म्हणतो. स्केलवर रेघा बारीक ओढल्या म्हणून मीटर तेवढा अचूक होत नाही, आणि इथे आम्ही लीस्ट काउंटवर विसंबून करंटची त्रुटी कमीच दाखवत होतो. शिवाय वाचणाऱ्याच्या डोळ्याची त्रुटी वेगळी. आमच्या मीटरांना काट्याखाली आरसा आहे. काटा आणि त्याचं प्रतिबिंब एकावर एक आणून वाचलं तर पाव भागापर्यंत वाचता येतं. वर्गाची त्रुटी अधिक पाव भाग असं धरलं तर व्होल्टमीटरला ०.०७५ + ०.०२५ = ०.१ व्होल्ट, म्हणजे लीस्ट काउंटइतकीच. अ‍ॅमीटरला १२.५ + २.५ = १५ मिलीअ‍ॅम्पिअर, लीस्ट काउंटच्या दीडपट.

बुधवारचं वाचन पुन्हा मांडलं: ४.२ अधिक (१५ ÷ ३०० म्हणजे) ५, एकूण ९.२ टक्के. उत्तर ८.० ± ०.७ ओहम.

मुलांनी विचारलं की दहा वेळा वाचून सरासरी घेतली तर ही त्रुटी कमी होईल का. डोळ्याचा पाव भाग कमी होईल. पण मीटर त्या जागी दहा मिलीअ‍ॅम्पिअर जास्त दाखवत असेल, तर दहाही वेळा तेवढंच जास्त दाखवेल. वाचनं एकमेकांशी छान जुळतील आणि सगळी एकाच बाजूला चुकलेली असतील.

१२ डिसेंबर, शुक्रवार

एमजी रोडवरून एक साधा डिजिटल मल्टिमीटर आणला. प्राचार्यांचं म्हणणं की काट्याचे मीटर आता बंदच करावेत. त्याआधी डब्यातला कागद उलगडून वाचला. वीस व्होल्टच्या रेंजला ±(०.५ टक्के + २ अंक) लिहिलंय. पडद्यावर २.४० दिसत असेल तर अर्धा टक्का म्हणजे ०.०१२, आणि शेवटच्या घरातले दोन अंक म्हणजे ०.०२. मिळून ०.०३२ व्होल्ट, १.३ टक्के. काट्याच्या व्होल्टमीटरला हेच ४.२ होतं. फक्त व्होल्टमीटर बदलला तरी एकूण ९.२ वरून ६.३ वर येतं. आता जे उरलंय त्यातले पाच टक्के अ‍ॅमीटरचेच, त्यामुळे यापुढे कितीही महागडा व्होल्टमीटर आणला तरी पाचाच्या खाली जाता येणार नाही.

मग हाच मल्टिमीटर अ‍ॅमीटरच्या जागी लावून पाहिला. २०० मिलीअ‍ॅम्पिअरच्या रेंजवर ३०० चा करंट घालता येत नाही, फ्यूज जाईल. म्हणून १० अ‍ॅम्पिअरचं वेगळं भोक. तिथे कागद म्हणतो ±(३ टक्के + २ अंक), आणि पडद्यावर दिसतं फक्त ०.३०. तीन टक्के म्हणजे ०.००९, दोन अंक म्हणजे ०.०२. एकूण ०.०२९ अ‍ॅम्पिअर, जवळजवळ दहा टक्के. ज्या काट्याच्या अ‍ॅमीटरला आपण जुना म्हणतोय तो इथे पाचवर होता. पडद्यावर आकडा स्पष्ट दिसतो म्हणून तो बरोबर असतो असं नाही. प्राचार्यांना हा हिशोब कागदावर लिहून दिला. काट्याचे अ‍ॅमीटर राहणार.

१६ डिसेंबर, मंगळवार

सकाळच्या तुकडीला प्रयोगशाळेत १२ अंश, दुपारी २८. निफाडकडून येणारी मुलं हात चोळतच वाचनं घेत होती. मोजलेला रोध सकाळी-दुपारी बदलतो का, हे त्यातल्या एकीने विचारलं. नायक्रोमला सोळा अंशांत अर्धा टक्काही फरक पडत नाही, आपल्या त्रुटीत तो बुडून जातो. जुन्या कपाटात तांब्याच्या तारेची एक कॉइल आहे. तांब्याला अंशामागे सुमारे ०.३९ टक्के, म्हणजे सोळा अंशांत सहाच्या वर. ती या प्रयोगातून बाद केली.

१९ डिसेंबर, शुक्रवार

आज चौथा संच, आणि या सगळ्या प्रकल्पातला हाच खरा मासा. कॉइलऐवजी रंगपट्ट्यांचा कार्बन रोध आहे: तपकिरी, काळा, लाल, शेवटी सोनेरी. म्हणजे १००० ओहम, पाच टक्क्यांच्या आत, ९५० ते १०५०. सोबत ५ मिलीअ‍ॅम्पिअरचा मिलीअ‍ॅमीटर, त्यावरही ५० भाग आणि २.५ चा वर्ग. व्होल्टमीटर तोच, ३ व्होल्टचा. एवढ्या मोठ्या रोधाला ऱ्हिओस्टॅट एकसरीत लावून काही होत नाही, म्हणून तो विभाजकासारखा तीन टोकांनी जोडला.

मुलांनी नेहमीची जोडणी केली, व्होल्टमीटर रोधाच्या टोकांना. व्होल्टेज २.४, करंट ३.२ मिलीअ‍ॅम्पिअर. रोध ७५० ओहम.

त्रुटी व्यवस्थित काढली. व्होल्टमीटरची ४.२ टक्के. मिलीअ‍ॅमीटरची वर्गाप्रमाणे ०.१२५ अधिक पाव भाग ०.०२५, एकूण ०.१५ मिलीअ‍ॅम्पिअर, म्हणजे ४.७ टक्के. बेरीज ८.९. उत्तर ७५० ± ७० ओहम, म्हणजे ६८० ते ८२०. आणि रंगपट्ट्या सांगतात ९५० च्या खाली नाही. दोन पल्ले एकमेकांना शिवतही नाहीत. मुलांनी आधी रोधावरच संशय घेतला आणि डब्यातला दुसरा काढून लावला. तोही ७५०.

मी काही न बोलता रोधाच्या टोकावरून व्होल्टमीटरची एक पिन काढली. मिलीअ‍ॅमीटरचा काटा सगळ्यांच्या देखत ३.२ वरून २.४ च्या आसपास घसरला. पिन लावली, पुन्हा वर. चार-पाच जण टेबलाभोवती जमले.

तो ०.८ मिलीअ‍ॅम्पिअर व्होल्टमीटर खात होता. काट्याच्या व्होल्टमीटरला काटा हलवायला करंट लागतोच. आमच्या मीटरला पूर्ण स्केलला १ मिलीअ‍ॅम्पिअर लागतो, म्हणजे त्याचा स्वतःचा रोध ३००० ओहम. मल्टिमीटर ओहमच्या रेंजवर ठेवून व्होल्टमीटरच्या पिनांना लावला तर तीन हजारांच्या जवळचा आकडा येतो, आणि मल्टिमीटरच्या करंटने व्होल्टमीटरचा काटाही किंचित उठतो, ते मुलांना फार आवडलं. हजार ओहमला समांतर तीन हजार ओहम जोडले की ७५० होतात. आपण मोजलं ते बरोबरच मोजलं, फक्त ते एकट्या रोधाचं नव्हतं.

हीच पिन पहिल्या संचात आठ ओहमच्या कॉइलवरून काढली, तर अ‍ॅमीटरचा काटा हललाही नाही. तिथे व्होल्टमीटर खातो तेवढाच करंट, पण तो ३०० मधला. पाव टक्का.

टक्केवारीतली त्रुटी ही गोष्ट पकडू शकत नाही. ± च्या हिशोबात आपण म्हणतो की मीटर वर किंवा खाली, कुठेही चुकू शकतो. जोडणीची चूक मात्र एकाच बाजूची: या जोडणीत रोध नेहमी कमीच येणार. ती टक्क्यांत मिळवून ± रुंद करणं म्हणजे ठाऊक असलेली गोष्ट ठाऊक नसल्यासारखी लिहिणं. सोमवारच्या शून्याच्या स्क्रूसारखीच ती दुरुस्त करायची.

दुरुस्ती दोन प्रकारे केली. पहिली कागदावर: व्होल्टमीटरचा करंट २.४ ÷ ३००० = ०.८ मिलीअ‍ॅम्पिअर, तो वजा केला. ३.२ − ०.८ = २.४, आणि रोध १००० ओहम. इथे मात्र त्रुटीवर लक्ष ठेवावं लागतं. वजाबाकीत टक्के मिळवायचे नसतात, मिलीअ‍ॅम्पिअर जसेच्या तसे पुढे न्यायचे असतात. ०.१५ तेवढेच राहिले, पण आता ते २.४ मधले आहेत. ४.७ टक्क्यांचे ६.३ झाले, आणि बेरीज १०.५. उत्तर १००० ± १००. आकडा सुधारला आणि त्रुटी वाढली, हे मुलांना पटायला वेळ लागला. वजा केलेल्या ०.८ लाही स्वतःची थोडी त्रुटी आहे. ती धरली तर आणखी एखादा टक्का वाढेल, ± च्या एका अंकात फरक पडत नाही.

दुसरी तारांवर: व्होल्टमीटर रोध आणि मिलीअ‍ॅमीटर दोघांच्या मिळून टोकांना. आता करंट फक्त रोधाचाच मोजला जातो, पण व्होल्टेजमध्ये मिलीअ‍ॅमीटरचा हिस्सा मिसळतो. वाचन २.४ व्होल्ट, २.३५ मिलीअ‍ॅम्पिअर, रोध सुमारे १०२०. आमच्या मिलीअ‍ॅमीटरचा रोध १५ ओहम आहे, तो वजा केला की १००५. हजारातल्या पंधराला काय घाबरायचं. पण हीच जोडणी आठ ओहमच्या कॉइलला वापरली तर? ५०० च्या अ‍ॅमीटरचा रोध सुमारे ०.१५ ओहम, आणि आठातले ते जवळजवळ दोन टक्के. म्हणून लहान रोधाला व्होल्टमीटर थेट रोधावर, मोठ्या रोधाला दोघांवर. पुस्तकात आकृती एकच असते, ती लहान रोधाची.

२३ डिसेंबर, मंगळवार

नाताळच्या सुट्टीआधी उरलेलं उरकलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या संचातल्या २ आणि ३० ओहमच्या कॉइल काढून टाकल्या. २६ नंबरची नायक्रोम तार मीटरला साधारण साडेसहा ओहम भरते. मामांनी नव्वद सेंटिमीटरच्या थोडी वर कापून चिनी मातीच्या नळीवर गुंडाळली, आणि टोकं स्क्रूखाली दाबण्याआधी पॉलिश पेपरने घासून घेतली, कारण काळं पडलेलं टोक स्वतःच दशांश ओहम खातं. वाचन: २.७ व्होल्ट, ०.४५ अ‍ॅम्पिअर. रोध ६.० ओहम. त्रुटी ३.७ अधिक ३.३, सात टक्के. ६.० ± ०.४.

कॅलिब्रेशनवाल्या विद्यार्थ्याने फोनवर सांगितलं की त्यांच्याकडे अशी सरळ बेरीज करत नाहीत. दोन मीटरांच्या चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतील तर दोन्ही एकदम वाईट टोकाला आणि नेमक्या उलट दिशेला असण्याची शक्यता कमी, म्हणून टक्क्यांचे वर्ग करून, मिळवून वर्गमूळ घेतात. ३.७ आणि ३.३ चं तसं ५.० येतं, म्हणजे ± ०.३. त्याचं बरोबर आहे. पण बोर्डाच्या पेपरात बेरीजच अपेक्षित असते. शिवाय जास्तीत जास्त किती चुकेल हे मुलांनी दोन भागाकार करून स्वतः पडताळून पाहिलंय, वर्गमुळाचं तसं त्यांना आत्ता दाखवता येणार नाही. कागदावर बेरीज ठेवली, आणि खाली बारीक अक्षरात ± ०.३ चा उल्लेख केला.

प्रत्येक संचाला कागद चिकटवला. वर मीटरांचे वर्ग आणि त्यावरून काढलेली त्रुटी, व्होल्टमध्ये आणि अ‍ॅम्पिअरमध्ये. टक्के मुद्दाम दिले नाहीत, ते ज्याने त्याने आपल्या वाचनावरून काढायचे. त्याखाली सूचना की रोधाचा आकडा काटा स्केलच्या वरच्या तिसऱ्या भागात असतानाच्या वाचनावरून द्यावा. चौथ्या संचाच्या कागदावर वेगळी ओळ: वाचन घेण्याआधी व्होल्टमीटरची पिन एकदा काढून मिलीअ‍ॅमीटरकडे बघा, आणि काटा जितका हलला तितकं जर्नलमध्ये लिहा.